तरंगाचं समीकरण वाचताना शिखराचा माग काढा

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात हमखास येणारा प्रश्न म्हणजे प्रगामी तरंगाचं समीकरण देऊन आयाम, तरंगलांबी, वेग आणि दिशा विचारणं. बहुतेक मुलं पाठ केलेलं समीकरण वर लिहितात, दिलेलं खाली लिहितात आणि जागच्या जागी आकडे उचलतात. दोन्हींचा साचा तंतोतंत जुळला तर उत्तर बरोबर येतं. पण प्रश्न काढणारा कधी `t` आधी लिहितो, कधी साइनऐवजी कोसाइन घेतो, कधी बाहेर उणे चिन्ह ठेवतो. मग कुठला आकडा कशाखाली ठेवायचा हेच कळेनासं होतं आणि दिशा तर बहुतेकदा अंदाजाने लिहिली जाते. म्हणून साचा बाजूला ठेवून समीकरणालाच विचारू या की ते काय सांगतंय. त्यासाठी एकच समीकरण घेऊन ते नीट उलगडू.

```
y = 0.03 sin(5x + 40t)
```

`x` आणि `y` मीटरमध्ये आहेत, `t` सेकंदात. लांब, ताणलेल्या दोरीवरून तरंग चालला आहे असं समजा. `x` म्हणजे दोरीवरची जागा, उजवीकडे धन. `y` म्हणजे त्या जागेवरचा दोरीचा कण आपल्या मूळ रेषेपासून किती वर किंवा खाली गेला आहे ते. एका समीकरणात दोरीच्या प्रत्येक कणाची प्रत्येक क्षणाची हकिगत आहे. ती एकदम वाचता येत नाही, म्हणून एक गोष्ट थांबवून दुसरी पाहायची.

आयामाला फारसं काही करावं लागत नाही. कंसात काहीही असो, साइनची किंमत `-1` आणि `+1` यांच्या बाहेर जात नाही. म्हणजे `y` जास्तीत जास्त ०.०३ मीटर, अर्थात ३ सेंटिमीटर. हाच आयाम. आकड्यापुढे उणे चिन्ह असतं, तरी आयाम ३ सेंटिमीटरच राहिला असता, कारण आयाम हे कमाल विचलनाचं माप आहे आणि ते नेहमी धन असतं.

आता वेळ थांबवा. `t = 0` या क्षणी दोरीचा फोटो काढला, तर समीकरण `y = 0.03 sin 5x` एवढंच उरतं. फोटोत एक नागमोडी वळण दिसेल. हे वळण किती अंतरानंतर पुन्हा पहिल्यासारखं होतं? साइनला एक फेरा पुरा करायला कंसातली राशी `2π` ने वाढावी लागते. म्हणजे `5x` ही राशी `2π` ने वाढली पाहिजे.

```
λ = 2π/5 = 1.257 m
```

तरंगलांबी साधारण १.२६ मीटर. कंसातला `x` चा सहगुणक, इथे ५, हा दर मीटरला कला किती रेडियन बदलते ते सांगतो. पुस्तकात त्याला `k` म्हणतात.

मग जागा थांबवा. `x = 0` या कणाकडेच बघत राहा. समीकरण `y = 0.03 sin 40t` होतं. हा कण वरखाली होतो आणि `40t` ही राशी `2π` ने वाढली की त्याचं एक आंदोलन पुरं होतं. म्हणून आवर्तकाल `2π/40`, म्हणजे ०.१५७ सेकंद, आणि वारंवारता `40/2π`, म्हणजे सुमारे ६.३७ हर्ट्झ. इथला ४० हा `ω`, कोनीय वारंवारता. त्याचं एकक रेडियन प्रति सेकंद आहे, हर्ट्झ नव्हे. वारंवारता ४० हर्ट्झ लिहिणारी उत्तरपत्रिका प्रत्येक वर्गात सापडते.

या चुकीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती सहज पकडली जात नाही. समजा कुणी `2π` विसरून तरंगलांबी `1/5 = 0.2` मीटर आणि वारंवारता ४० हर्ट्झ धरली. मग पडताळा घेण्यासाठी दोघांचा गुणाकार केला: ८ मीटर प्रति सेकंद. वेग अगदी बरोबर! दुसऱ्याने `2π` ऐवजी ३६० धरलं, तर तरंगलांबी ७२ मीटर आणि आवर्तकाल ९ सेकंद येतो. त्यांचा भागाकारही ८ च. म्हणजे `v = fλ` हा पडताळा इथे कामाला येत नाही, कारण दोन्हीकडे सारखीच चूक झालेली असते आणि ती परस्पर कटून जाते. इथे उपयोगी पडतो तो आकड्यांचा अदमास. दोरीवरची ७२ मीटरची तरंगलांबी वाचताच खटकली पाहिजे. तेवढ्याने शंका मिटली नाही, तर काढलेली `λ` कंसात `x` च्या जागी घालून बघा. `5 × 1.257` म्हणजे ६.२८, एक पुरा फेरा. `5 × 0.2` म्हणजे फक्त १ रेडियन. इथे चूक लपत नाही. याच कारणाने कॅल्क्युलेटरवर `y` ची किंमत काढताना तो रेडियनवर ठेवायला विसरू नका.

आता वेग आणि दिशा. या दोन्हींची उत्तरं एकाच कृतीतून निघतात: एक शिखर निवडा आणि ते कुठे जातं ते पाहा. साइनची किंमत १ होते तेव्हा कंसातली राशी `π/2`, म्हणजे १.५७१ असते. या विशिष्ट शिखरावर नजर ठेवायची, म्हणजे कंसातली राशी १.५७१ वरच ठेवायची.

```
t = 0     :  5x       = 1.571  →  x = 0.314 m
t = 0.01  :  5x + 0.4 = 1.571  →  x = 0.234 m
t = 0.02  :  5x + 0.8 = 1.571  →  x = 0.154 m
```

सेकंदाच्या दर शंभराव्या भागात शिखर ०.०८ मीटर सरकतंय, म्हणजे वेग ८ मीटर प्रति सेकंद. आणि `x` कमी होत चालला आहे, म्हणजे तरंग डावीकडे, ऋण `x` दिशेने जातोय. कारण त्या तीन ओळींतच दिसतं. वेळ पुढे गेला की `40t` वाढतो. बेरीज तेवढीच राहायची तर `5x` कमी झालाच पाहिजे. अधिक चिन्ह असून तरंग ऋण दिशेने जातो हे मुलांना उफराटं वाटतं, कारण अधिक म्हणजे पुढे अशी मनाची सवय असते. दोन पदांची बेरीज कायम ठेवायची तर एक वाढताना दुसऱ्याला कमी व्हावं लागतं, हे एकदा आकड्यांनी करून पाहिलं की पाठ करायची गरज पडत नाही.

हीच गोष्ट अक्षरांत लिहिली तर `kx + ωt` स्थिर ठेवल्यावर `x` बदलण्याचा दर `-ω/k` येतो. वेगाचं माप `ω/k`, म्हणजे `40/5 = 8`. कशाला कशाने भागायचं याचा गोंधळ झाला तर एककं लिहा. रेडियन प्रति सेकंद भागिले रेडियन प्रति मीटर केलं की मीटर प्रति सेकंद उरतं. उलटा भागाकार केला तर सेकंद प्रति मीटर येईल आणि तो वेग असूच शकत नाही.

आता हाच तरंग वेगवेगळ्या वेषांत पाहू. `0.03 sin(40t + 5x)` हे अगदी तेच समीकरण आहे, बेरजेतला क्रम तेवढा बदलला. `0.03 sin 5(x + 8t)` यात ५ बाहेर काढला आहे आणि वेग तर समोरच लिहिलेला दिसतो. पण इथे घाईत `t` चा सहगुणक ८ धरून वारंवारता काढू नका. कंस उघडला की तो ४० आहे. `-0.03 sin(-5x - 40t)` हेही तेच, कारण साइनच्या आतलं उणे बाहेर येतं आणि बाहेरच्या उणेशी मिळून अधिक होतं. दोन-दोन उणे चिन्हं दिसली म्हणून कुणी दिशा धन लिहिली तर ती चूक ठरेल. `-5x - 40t` स्थिर ठेवायची तरी `t` वाढल्यावर `x` ला कमीच व्हावं लागतं.

दिशा ठरते ती `x` आणि `t` यांच्या सहगुणकांची चिन्हं एकमेकांशी कशी आहेत यावरून. दोन्ही सारखी असतील तर तरंग ऋण दिशेने जातो, वेगळी असतील तर धन दिशेने. कंसाबाहेरचं चिन्ह, साइन आहे की कोसाइन, आधी कोण लिहिलंय, यांचा दिशेशी काही संबंध नाही. म्हणूनच `sin(5x - 40t)` आणि `sin(40t - 5x)` हे दोन्ही उजवीकडे जातात. एक दुसऱ्याचा उलटा आकार आहे एवढंच, एकाचं शिखर तिथे दुसऱ्याची दरी.

कंसात एखादी एकटी संख्याही असू शकते.

```
y = 0.03 sin(5x + 40t - π/4)
```

इथलं उणे चिन्ह `π/4` चं आहे. ते `x` चंही नाही आणि `t` चंही नाही. तरीही डोळा त्या उणेवर जातो आणि हात "धन दिशा" लिहून मोकळा होतो. ही स्थिर संख्या तरंगाची सुरुवात कुठून झाली एवढंच सांगते. आयाम, तरंगलांबी, वेग, दिशा यांपैकी एकही गोष्ट तिच्यामुळे बदलत नाही. वाचताना तिच्यावर बोट ठेवून उरलेला कंस वाचावा.

पुष्कळ प्रश्नांत समीकरण असंही येतं:

```
y = 2.5 sin 2π(t/0.04 - x/50)
```

यात `x` आणि `y` सेंटिमीटरमध्ये, `t` सेकंदात. या रूपात `2π` आधीच बाहेर काढलेलं असल्यामुळे `t` खालची संख्या थेट आवर्तकाल असते आणि `x` खालची थेट तरंगलांबी. आवर्तकाल ०.०४ सेकंद, म्हणून वारंवारता २५ हर्ट्झ. तरंगलांबी ५० सेंटिमीटर, आयाम २.५ सेंटिमीटर. वेग `50/0.04 = 1250`, पण सेंटिमीटर प्रति सेकंद, म्हणजे १२.५ मीटर प्रति सेकंद. चिन्हं वेगळी आहेत, म्हणून दिशा धन. गणित तोंडी होतं, पण एककांत मार्क जातात. प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत "सेंटिमीटरमध्ये" असं लिहिलेलं असतं आणि तिथपर्यंत वाचायचा धीर नसतो. समीकरण हाती घेताच तीन राशींची एककं बाजूला लिहून ठेवायची सवय लावून घ्या.

वेगाबाबत आणखी एक गल्लत होते. तरंगाचा वेग वेगळा आणि दोरीच्या कणाचा वेग वेगळा. दोरीवर एका जागी रंगीत दोरा बांधला तर तो तरंगाबरोबर डावीकडे जाणार नाही, जागच्या जागी वरखाली होईल. त्याचा वेग हवा असेल तर `x` स्थिर ठेवून `y` चं `t` सापेक्ष विकलन करायचं. आपल्या पहिल्या समीकरणासाठी:

```
dy/dt = 0.03 × 40 cos(5x + 40t) = 1.2 cos(5x + 40t)
```

कणाचा कमाल वेग १.२ मीटर प्रति सेकंद, तोही मूळ रेषेवरून जाताना. शिखरावर तो शून्य होतो. तरंगाचा वेग मात्र सतत ८ मीटर प्रति सेकंद. प्रश्नात "कणाचा कमाल वेग" विचारलाय की "तरंगाचा वेग", हे पाहिल्याशिवाय पेन उचलू नये. दोघांचं गुणोत्तर `1.2/8 = 0.15` येतं आणि ते बरोबर `kA`, म्हणजे `5 × 0.03` एवढं आहे. हीच दोरीच्या वळणाची कमाल चढणही आहे. दोरीवरच्या तरंगाचा वेग ताण आणि एकक लांबीच्या वस्तुमानावरून काढायचं जे सूत्र आपण वापरतो, ते ही चढण १ च्या मानाने बरीच लहान असेल तेव्हाच चालतं. ०.१५ ला ते चालेल. एखाद्या समीकरणात `kA` ३ किंवा ४ निघाला, तर कागदावर उत्तरं काढता येतील, पण तसा तरंग खऱ्या दोरीवर या सोप्या नियमाने चालणार नाही.

शिखराचा माग काढायची रीत साइन-कोसाइनपुरतीच नाही. १७४७ मध्ये फ्रेंच गणिती द'आलाँबेर याने कंप पावणाऱ्या तारेचं समीकरण सोडवून दाखवलं की त्याचं उत्तर दोन आकारांची बेरीज असते. एक आकार न बदलता उजवीकडे जातो, दुसरा डावीकडे. आकार कोणताही चालतो. म्हणूनच प्रवेश परीक्षांत एकुलता एक स्पंद देतात, जसं:

```
y = 6 / [(2x - 3t)² + 4]
```

इथे साइनचं नाव नाही आणि साच्याशी तुलना करणारा अडकतो. शिखर शोधा. अपूर्णांक सर्वांत मोठा केव्हा होईल? छेद सर्वांत लहान असेल तेव्हा, म्हणजे वर्ग शून्य असताना. तेव्हा `y = 6/4 = 1.5`. हा आयाम. मुलं वरचा ६ उचलून आयाम ६ लिहितात ती चूक इथेच टळते. शिखर जिथे `2x - 3t = 0` तिथे, म्हणजे `x = 1.5t` वर. म्हणून `x` मीटरमध्ये आणि `t` सेकंदात असेल तर वेग १.५ मीटर प्रति सेकंद, दिशा धन. तरंगलांबी? ती नाहीच. हा आकार एकदाच उठतो आणि पुन्हा येत नाही, मग पुनरावृत्तीचं अंतर कुठून आणणार? त्याची रुंदी मात्र सांगता येते. `t = 0` ला शिखराच्या दोन्ही बाजूंना १ मीटरवर छेद ८ होतो आणि उंची निम्मी, ०.७५ उरते. म्हणजे निम्म्या उंचीवर हा स्पंद २ मीटर रुंद आहे.

याच परीक्षांत `x² - t²` सारखी राशी घालून हा प्रगामी तरंग आहे का असं विचारतात. कंसात `x` आणि `t` पहिल्या घातातच एकत्र यायला हवेत. `x² - t²` स्थिर ठेवून `x` काढून पाहा, शिखराचा वेग क्षणाक्षणाला बदलताना दिसेल. तसा आकार एका वेगाने पुढे सरकत नाही. `(2x - 3t)²` मध्ये वर्ग आहे, पण तो कंसाबाहेर आहे, आतली राशी पहिल्याच घाताची आहे, म्हणून ते चालतं.

प्रकाश किंवा रेडिओच्या तरंगात आणखी एक जागा निसरडी आहे. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम प्रक्षेपणाचं विद्युत क्षेत्र दूरवर असं लिहिता येईल:

```
E_x = 0.02 cos(2.09z - 6.28×10⁸ t)
```

समीकरणाच्या डावीकडे `x` दिसतो म्हणून तरंग `x` दिशेने जातो असं नाही. `x` ही क्षेत्राच्या आंदोलनाची दिशा. प्रवासाची दिशा कंसात `t` बरोबर जो निर्देशक बसलाय त्याची, इथे धन `z`. तरंगलांबी `2π/2.09`, सुमारे ३ मीटर, आणि वेग `6.28×10⁸ / 2.09`, म्हणजे `3×10⁸` मीटर प्रति सेकंद, प्रकाशाचाच. इथे आयाम लांबीत मोजायचा नाही. ०.०२ व्होल्ट प्रति मीटर हे क्षेत्राचं मूल्य आहे.

शेवटी, दोन पदं असलेलं समीकरण. हे वाचायची गुरुकिल्लीही कंसातच आहे.

```
y = 0.03 sin(5x + 40t) + 0.04 cos(5x + 40t)
```

दोन्ही कंस एकच आहेत, म्हणजे दोन्ही पदं एकाच वेगाने एकाच दिशेने जातात आणि त्यांची बेरीजही एक प्रगामी तरंगच असते. तरंगलांबी, वेग, दिशा जशीच्या तशी. आयाम मात्र ०.०७ नाही. साइन आणि कोसाइन एकाच वेळी कमाल होत नाहीत, म्हणून तो वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ०.०५ मीटर. आता याच्या शेजारी हे ठेवा:

```
y = 0.03 sin(5x + 40t) + 0.03 sin(5x - 40t)
  = 0.06 sin 5x cos 40t
```

यात एक तरंग डावीकडे, दुसरा तेवढाच उजवीकडे. दुसऱ्या ओळीत `x` आणि `t` वेगवेगळ्या कंसांत गेले. आता शिखराचा माग काढून पाहा. `x = 0.314` मीटरवर शिखर येतं, मावळतं, दरी होते, पुन्हा शिखर होतं, पण तिथून हलत नाही. `x = 0.628` वर `5x = π`, म्हणजे साइन शून्य, आणि तिथला कण कधीच हलत नाही. हा स्थिर तरंग आहे. असे निस्पंद बिंदू दर ०.६२८ मीटरवर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीवर येतात. तरंगलांबी अजूनही `2π/5`, म्हणजे १.२५७ मीटरच. प्रश्नात घटक तरंगांचा वेग विचारला असेल तर ८ मीटर प्रति सेकंद लिहा. दिशा विचारली असेल तर हा तरंग पुढे जात नाही असं स्पष्ट लिहा आणि `x` व `t` एका कंसात एकत्र नाहीत हे त्याचं कारण द्या.